सेर की एस्तार? मराठी 'आहे'पासून स्पॅनिशकडे

स्पॅनिश शिकायला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात एक अडचण समोर येते. आपण मराठीत जिथे बिनधास्त 'आहे' म्हणतो, तिथे स्पॅनिश दोन क्रियापदं पुढे करते: सेर आणि एस्तार. बहुतेक वर्गांत यावर एक सोपा नियम सांगितला जातो: कायमचं असेल तर सेर, तात्पुरतं असेल तर एस्तार. हा नियम लवकरात लवकर विसरा, असं मी नवीन विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगते. मृत्यूइतकं कायमचं दुसरं काही नाही, तरी 'तो मेलेला आहे' हे स्पॅनिशमध्ये 'एस्ता म्वेर्तो', म्हणजे एस्तारने. तारुण्य चार दिवसांचं, तरी 'ती तरुण आहे' हे 'एस होबेन', म्हणजे सेरने. माद्रिद शहर स्पेनमधून कुठेही जाणार नाही, तरी 'माद्रिद एस्ता एन एस्पान्या'. नियम इतक्या साध्या वाक्यांतच कोसळत असेल तर त्याच्यावर विसंबून पुढे जाता येत नाही.

त्याऐवजी आपल्या मराठीकडेच नीट बघा. सेर आणि एस्तारमधला फरक आपण मराठीत रोज करतो. फक्त तो क्रियापदात न करता आजूबाजूच्या शब्दांत करतो, कधी प्रत्ययात, कधी विशेषणात. तो ओळखायची सवय लागली की निम्म्याहून अधिक वाक्यं आपोआप सुटतात. हा लेख त्याच वाटेने जातो.

उच्चारांबद्दल एक गोष्ट आधी सांगते. इथे स्पॅनिश वाक्यं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. लॅटिन अमेरिकेत जिथे 'स' ऐकू येतो, तिथे स्पेनच्या बहुतेक भागांत काही शब्दांत 'थ'च्या जवळचा आवाज येतो. मी सगळीकडे 'स'च लिहिते आहे.

वर्तमानकाळाची रूपं एकदा मोठ्याने म्हणून घ्या. सेरची रूपं: सोय (मी), एरेस (तू), एस (तो, ती, ते आणि आदरार्थी आपण), सोमोस (आम्ही), सोइस (तुम्ही सगळे, हे स्पेनमध्ये), सोन (ते सगळे). एस्तारची त्याच क्रमाने: एस्तोय, एस्तास, एस्ता, एस्तामोस, एस्ताइस, एस्तान. एस्तारच्या सगळ्या रूपांच्या सुरुवातीला 'एस्त' ऐकू येतं, त्यामुळे कान लवकर तयार होतो. 'एस्तास' आणि 'एस्ता'मध्ये जोर शेवटच्या अक्षरावर येतो. जोर पहिल्या अक्षरावर दिलात तर 'ही' असा वेगळाच शब्द होतो.

पहिली पायरी: हा 'आहे' खरंच या दोघांपैकी एकाचा आहे का?

मराठी माणसाच्या बऱ्याच चुका सेर आणि एस्तारमध्ये गोंधळ झाल्यामुळे होत नाहीत. दोन्ही नको असताना त्यांतलं एक वापरल्यामुळे होतात. म्हणून आधी चाळण लावायची.

'मला दोन भाऊ आहेत' यात 'आहेत' असलं तरी स्पॅनिशमध्ये ते 'तेंगो दोस एर्मानोस', म्हणजे तेनेर या तिसऱ्या क्रियापदाने, ज्याचा अर्थ जवळ असणे, बाळगणे. भूक, तहान, झोप, थंडी, उकाडा, भीती हे सगळं शरीराला किंवा मनाला 'लागणारं' आणि 'वाटणारं' याच तेनेरकडे जातं. 'मला भूक लागली आहे' म्हणजे 'तेंगो आंब्रे'. 'मला उकडतंय' म्हणजे 'तेंगो कालोर'. इथे एक सावधगिरी हवीच. उकडतंय म्हणून कुणी 'एस्तोय कालिएंते' म्हणालं, तर ऐकणारा त्याचा अर्थ कामवासनेशी जोडतो. हवेबद्दल बोलायचं असेल तर आणखी वेगळं: 'आसे कालोर', बाहेर उकडतंय.

दुसरा गाळ म्हणजे 'अमुक गोष्ट इथे आहे का' हा प्रश्न. 'इथे जवळपास बँक आहे का?' यात कोणतीही एक बँक चालेल, फक्त असल्या-नसल्याचा प्रश्न आहे. तिथे 'आय' हा शब्द येतो: 'आय उन बांको पोर आकी?' पण 'बँक कुठे आहे?' म्हटलं की ती बँक आपल्याला माहीत आहे, फक्त जागा विचारायची आहे: 'दोंदे एस्ता एल बांको?' नवी गोष्ट पहिल्यांदा समोर आणताना 'आय', आणि ओळखीच्या गोष्टीची जागा सांगताना एस्तार.

ही चाळण लावून जो 'आहे' वर उरतो, त्याच्यासाठी पुढच्या पायऱ्या.

दुसरी पायरी: प्रत्यय बघा

'मी पुण्याची आहे' आणि 'मी पुण्यात आहे' ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. क्रियापद तेच, पण 'ची' आणि 'त' यांनी अर्थ वेगळा केला. स्पॅनिशमध्ये पहिलं 'सोय दे पुणे' आणि दुसरं 'एस्तोय एन पुणे'.

'चा, ची, चं' हा प्रत्यय एखादी गोष्ट कुठून आली, कशाची बनली, कुणाची, हे सांगतो. म्हणजे तिची ओळख सांगतो, आणि ओळख हे सेरचं काम. 'बांगडी सोन्याची आहे', 'गाडी ताईची आहे', 'तो मेक्सिकोचा आहे' या तिन्ही ठिकाणी 'एस दे' येणार. नाव, नातं, व्यवसाय, धर्म, राष्ट्रीयत्व, वार आणि घड्याळातली वेळ हेही ओळखीतच बसतं: 'सोय मेदिका' (मी डॉक्टर आहे), 'ओय एस लुनेस' (आज सोमवार आहे), 'सोन लास त्रेस' (तीन वाजले आहेत). आदेशासारखं लक्षात ठेवायचं तर एकच: 'आहे'च्या आधी नाम आलं की सेर. व्यवसायाबाबत एक छान बारकावा आहे. कुणी शिकलंय एक आणि सध्या पोटापाण्यासाठी हॉटेलात वेटरचं काम करतंय, तर तो म्हणेल 'एस्तोय दे कामारेरो'. त्याने स्वतःची ओळख वेटर अशी सांगितली नाही, सध्या त्या जागी आहे एवढंच सांगितलं.

'त', 'वर', 'खाली', 'जवळ' असे जागा दाखवणारे प्रत्यय आणि शब्द आले की एस्तार. माणूस असो, किल्ली असो की डोंगर, हलणारं असो की न हलणारं, फरक पडत नाही.

याला एकच मोठा अपवाद, आणि तो पाठ करण्यापेक्षा समजून घेण्यासारखा आहे. कार्यक्रम, लग्न, बैठक, तास, सामना यांची जागा सांगताना सेर येतं. 'लग्न नाशिकला आहे' म्हणजे 'ला बोदा एस एन नाशिक'. कारण लग्न ही कुठे ठेवलेली वस्तू नाही, ती घडणारी गोष्ट आहे. मराठीत ताडून बघायला सोपं आहे: 'आहे'च्या जागी 'होणार आहे' घालून वाक्य नीट बसतंय का बघा. 'लग्न नाशिकला होणार आहे' बसतं, म्हणून सेर. 'किल्ली टेबलावर होणार आहे' बसत नाही, म्हणून एस्तार. हा फरक कधीकधी एकाच शब्दात दिसतो. 'दोंदे एस्ता ला क्लासे?' म्हणजे वर्गखोली कुठे आहे, आणि 'दोंदे एस ला क्लासे?' म्हणजे तास कुठे होणार आहे.

तिसरी पायरी: विशेषण आलं की थांबा

इथपर्यंत निर्णय तुमच्या हातात नव्हता. नाम, जागा, प्रत्यय यांनीच तो घेतला. विशेषण आलं की मात्र बहुतेक वेळा दोन्ही क्रियापदं चालतात आणि अर्थ बदलतो. म्हणून विद्यार्थी इथेच अडतात, आणि म्हणूनच सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला हवा.

स्वतःला एक प्रश्न विचारायचा: मी ही गोष्ट कुठल्या प्रकारची आहे ते सांगतेय, की ती आत्ता कुठल्या अवस्थेत सापडली ते सांगतेय? प्रकार असेल तर सेर, अवस्था असेल तर एस्तार. अवस्था किती काळ टिकेल याचा इथे काही संबंध नाही. मरण ही अवस्था आहे, कारण आधी जिवंत होता आणि मग बदल झाला. तरुण असणं हे माणसाचं वर्णन आहे, अमुक वयोगटात तो मोडतो म्हणून.

मराठीतली 'लेला, लेली, लेलं' ही रूपं इथे फार उपयोगी पडतात. बसलेला, थकलेला, मोडलेलं, रागावलेली, मेलेला हे सगळे शब्द आधी काहीतरी घडून गेलं आणि त्याचा परिणाम उरला आहे असं सांगतात. त्यांच्याबरोबर एस्तारच येतं: 'एस्ता सेन्तादो' (बसलेला आहे), 'एस्ता रोतो' (मोडलेलं आहे). 'दुकान बंद आहे' यात 'लेलं' दिसत नाही, पण 'बंद केलेलं आहे' असं वाढवता येतं, म्हणून 'ला तिएंदा एस्ता सेर्रादा'.

'बरा', 'ठीक', 'छान' या अर्थाचे 'बिएन' आणि 'वाईट' या अर्थाचा 'माल' हे शब्द या अर्थाने नेहमी एस्तारबरोबर. 'एस्तोय बिएन', मी बरी आहे. 'सोय बिएन' असं म्हणत नाहीत.

आता मराठीत ज्याला एकच वाक्य पुरतं असा एक सापळा बघा. 'तुझी आई कशी आहे?' हे आपण तब्येत विचारायलाही म्हणतो आणि स्वभाव विचारायलाही. स्पॅनिशमध्ये हे दोन वेगळे प्रश्न आहेत. 'कोमो एस्ता तु माद्रे?' म्हणजे तब्येत कशी आहे. 'कोमो एस तु माद्रे?' म्हणजे आई दिसायला, स्वभावाने कशी आहे. दुसऱ्या प्रश्नाला 'बिएन' असं उत्तर दिलंत, तर विचारणारा थांबून पुढच्या वाक्याची वाट बघेल. संभाषणात असा थांबा जाणवला की समजायचं, आपण 'एस' ऐकायला चुकलो.

चौथी पायरी: कंटाळलेला आणि कंटाळवाणा

मराठीत 'कंटाळलेला' आणि 'कंटाळवाणा' असे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्याला कंटाळा आलाय, दुसरा इतरांना कंटाळा आणतो. स्पॅनिशमध्ये दोघांना एकच शब्द आहे: आबुर्रीदो, स्त्रीलिंगी आबुर्रीदा. मग फरक कळणार कसा? क्रियापदावरून. 'एस्तोय आबुर्रीदा' म्हणजे मी कंटाळले आहे. 'सोय आबुर्रीदा' म्हणजे मी कंटाळवाणी बाई आहे.

हे असं का होतं ते कळलं की पाठ करावं लागत नाही. 'आबुर्रीर' हे क्रियापद आहे, अर्थ कंटाळा आणणे. त्यापासून आबुर्रीदो हे रूप तयार झालं, आपल्या 'कंटाळलेला'सारखं. एस्तारबरोबर ते मूळच्याच अर्थाने येतं: कशाने तरी कंटाळा आणला आणि आता मी त्या अवस्थेत आहे. पण सेर अवस्था सांगतच नाही, प्रकार सांगतं. 'कंटाळा' हा ज्याचा प्रकार झाला, तो माणूस, तो तास, तो चित्रपट दुसऱ्याला कंटाळा देणारा ठरतो. म्हणून 'ला क्लासे एस आबुर्रीदा' म्हणजे तास कंटाळवाणा आहे, आणि त्या तासाला बसलेली मुलं 'एस्तान आबुर्रीदास' किंवा 'एस्तान आबुर्रीदोस'.

याच साच्यातलं आणखी एक: कान्सादो. 'एस्तोय कान्सादा', मी दमले आहे. 'एल बियाहे एस कान्सादो', प्रवास दमवणारा आहे. दिबेर्तीदोही तसंच: 'एस दिबेर्तीदो', तो मजेशीर आहे, त्याच्याबरोबर मजा येते.

पण हा साचा सगळीकडे लावू नका. काळजी, रस, राग अशा शब्दांत तो मोडतो. 'इंतेरेसादो'चंच बघा. 'एस्तोय इंतेरेसादा एन एल त्राबाहो' म्हणजे मला या कामात रस आहे, हे बरोबर. तेच सेरने म्हटलं तर 'रस निर्माण करणारी' असा अर्थ होत नाही, तर 'मतलबी, स्वार्थ बघणारी' असा होतो. रंजक, लक्ष वेधून घेणारं म्हणायला वेगळा शब्द आहे, इंतेरेसांते. नोकरीच्या मुलाखतीत 'सोय इंतेरेसादा' म्हणणं म्हणूनच महागात पडू शकतं. प्रेओकुपादो (काळजीत पडलेला) आणि एन्फादादो (रागावलेला) हे तर एस्तारलाच चिकटून असतात.

आबुर्रीदोबद्दल एक शंका हमखास येते. पार्टीला काही मन नसतं, मग 'ला फिएस्ता एस्ता आबुर्रीदा' हे चूक ना? नाही, ते अगदी रोजचं वाक्य आहे. पार्टी कंटाळलेली नाही, पण आत्ता या क्षणी ती रंगत नाहीये, असं बोलणारा सांगतोय. कदाचित तासाभराने रंगेल. 'ला फिएस्ता एस आबुर्रीदा' म्हटलं की पार्टीवर शिक्काच मारला. म्हणजे आबुर्रीदोचा अर्थ ठरवताना क्रियापदाबरोबर कर्ताही बघायचा: माणूस असेल तर एस्तारने बहुधा कंटाळलेला, वस्तू किंवा प्रसंग असेल तर एस्तारने 'सध्या कंटाळवाणा चाललेला'.

आणि क्रियापदच टाळायचं असेल तर एक सोपी वाट आहे: 'मे आबुर्रो', मला कंटाळा येतोय. सुरुवातीला घाबरून अडखळण्यापेक्षा हे वापरा, कुणाचाही गैरसमज होणार नाही.

पाचवी पायरी: अर्थ बदलणारे आणखी काही शब्द

असे शब्द बरेच आहेत, पण नवख्याला रोज लागणारे मोजकेच. त्यांची यादी पाठ करू नका. प्रत्येकाचं मराठी भाषांतर सेरने एक आणि एस्तारने दुसरं असं जोडीने मनात ठेवा.

लिस्तो: 'एस लिस्ता', ती हुशार आहे. 'एस्ता लिस्ता', ती तयार आहे, निघायला सज्ज आहे. घरून निघताना मैत्रिणीने 'एस्तास लिस्ता?' विचारलं तर ती तयार झालीस का असं विचारतेय.

सेगूरो: 'एल बार्रियो एस सेगूरो', वस्ती सुरक्षित आहे. 'एस्तोय सेगूरा', माझी खात्री आहे. तुला नक्की माहीत आहे का, असं विचारायला 'एस्तास सेगूरा?'

बेर्दे म्हणजे हिरवा. 'ला पुएर्ता एस बेर्दे', दार हिरवं आहे. पण 'एल मांगो एस्ता बेर्दे' म्हटलं की आंबा कच्चा आहे, अजून पिकला नाही. आपल्याकडे कैरी आणि आंबा अशी नावंच वेगळी आहेत. स्पॅनिशमध्ये फळ तेच राहतं, एस्तार त्याची अवस्था सांगतं. एखाद्या जातीची साल पिकल्यावरही हिरवीच राहत असेल, तर त्या जातीबद्दल सेरने 'हिरवी' म्हणता येतं आणि हातातल्या पिकलेल्या फळाबद्दल 'एस्ता मादूरो'.

खाण्यापिण्याबद्दल तर एस्तारची फार गरज पडते, कारण चव हा अनुभव आहे, आत्ता घेतलेल्या घासाचा. रीको म्हणजे श्रीमंत, पण 'ला सोपा एस्ता रीका' म्हणजे सूप मस्त झालंय. आपण 'मस्त आहे' न म्हणता 'मस्त झालंय' म्हणतो ना, त्या 'झालंय'च्या जागी एस्तार. कुणाच्या घरी जेवायला गेलात तर पहिल्या घासानंतर म्हणायचं हे वाक्य. बुएनोही असंच: अन्नाबद्दल 'एस्ता बुएनो' म्हणजे चविष्ट लागतंय, 'एस बुएनो' म्हणजे ते तब्येतीला किंवा एकूणच चांगलं आहे. मालो उलट: 'ला लेचे एस्ता माला', दूध खराब झालंय, नासलंय. माणसाबद्दल 'एस मालो' म्हणजे तो वाईट माणूस आहे, आणि 'एस्ता मालो' म्हणजे, स्पेनमध्ये विशेषतः, तो आजारी आहे.

बुएनो माणसाला लावताना मात्र जपून. 'एस बुएनो', तो भला माणूस आहे. 'एस्ता बुएनो' हे बोलीभाषेत शारीरिक आकर्षणाबद्दल बोललं जातं. 'मी बरी आहे' म्हणायच्या जागी 'एस्तोय बुएना' म्हणणं हा नवख्यांचा सर्वात अवघडल्यासारखा करणारा घोळ आहे. त्याच्यावर उपाय वर आलाच: तब्येतीला 'बिएन'.

ओर्गुयोसो: 'एस ओर्गुयोसो', तो गर्विष्ठ आहे. 'एस्तोय ओर्गुयोसा दे मि इहा', मला माझ्या मुलीचा अभिमान आहे. इथेही मराठीत गर्व आणि अभिमान असे दोन शब्द आहेत, आणि स्पॅनिश ते काम क्रियापदावर सोपवते. बीबोही लक्षात ठेवा: 'एस्ता बीबो', तो जिवंत आहे. 'एस बीबो', तो चलाख आहे.

सहावी पायरी: अपेक्षेपेक्षा वेगळं दिसलं की

एस्तारचा एक उपयोग पुस्तकात उशिरा येतो, पण कानावर पहिल्या दिवसापासून पडतो. गोष्ट नेहमीसारखी नाही, आज वेगळी दिसतेय किंवा लागतेय, असं दाखवायला एस्तार. 'एरेस ग्वापा' म्हणजे तू सुंदर आहेस. 'के ग्वापा एस्तास!' म्हणजे आज किती छान दिसतेयस! दुसरं वाक्य ऐकून 'म्हणजे रोज नाही का' असं मनात आणू नका. समोरच्याने तुमच्या आजच्या दिसण्याची दखल घेतली. बऱ्याच दिवसांनी भाचा भेटला आणि तो उंच झालेला दिसला, तर मावशी म्हणते 'के आल्तो एस्तास!' मुलगा आता पुन्हा बुटका होणार नाही, तरी एस्तार, कारण तिच्या मनातला मुलगा लहान होता आणि आत्ता दिसलेला वेगळा आहे. मराठीत आपण इथे 'झालायस', 'दिसतोयस', 'लागतंय' वापरतो. वाक्यातला 'आहे' काढून यांपैकी काही घालावंसं वाटलं, तर एस्तारकडे वळा.

एक मोह मात्र टाळा. 'आंबा गोड असतो' आणि 'हा आंबा गोड आहे' हा फरक बघून काही हुशार विद्यार्थी 'असतो' म्हणजे सेर आणि 'आहे' म्हणजे एस्तार असं समीकरण मांडतात. या वाक्यापुरतं ते जमतं, पण 'मी भारतीय आहे' म्हणताना लगेच फसतं. आणि 'तो रोज घरी असतो' यात 'असतो' असूनही जागेमुळे एस्तारच हवं.

एक निरोप, शब्दशः सोडवलेला

समजा सायली नावाची मुलगी शिकायला स्पेनमधल्या सालामान्कात गेली आहे आणि तिला तिथल्या नव्या मैत्रिणीला फोनवर निरोप लिहायचा आहे. मनात मराठी असं आहे: 'मी सायली. मी नाशिकची आहे, पण आता सालामान्कात आहे. माझी खोली लहान आहे, पण स्वच्छ आहे. आज रविवार आहे आणि दुकानं बंद आहेत, त्यामुळे मला कंटाळा आलाय. घरमालकीण खूप चांगली आहे. तिचं सूप मस्त झालंय. आठ वाजता गाण्याचा कार्यक्रम आहे. कार्यक्रम प्लासा मायोरमध्ये आहे. मी तयार आहे.'

पहिलं वाक्य नावाचं आणि दुसरं 'ची'चं, दोन्ही ओळख: 'सोय सायली. सोय दे नाशिक'. पुढे 'सालामान्कात', 'त' आला: 'पेरो आओरा एस्तोय एन सालामान्का'.

खोली लहान आहे हे तिचं माप, तिचा प्रकार: 'मि आबितासिओन एस पेकेन्या'. स्वच्छ आहे हे 'स्वच्छ केलेली आहे' असं वाढवता येतं, अवस्था झाली: 'पेरो एस्ता लिंपिया'. एकाच वाक्यात दोन क्रियापदं आली याची भीती वाटू देऊ नका, स्पॅनिशमध्ये हे रोज घडतं.

रविवार हे नाम, वाराची ओळख: 'ओय एस दोमिंगो'. दुकानं बंद केलेली: 'इ लास तिएंदास एस्तान सेर्रादास'. कंटाळा आलाय, म्हणजे कंटाळलेली: 'आसी के एस्तोय आबुर्रीदा'.

घरमालकीण चांगली आहे, हा स्वभाव: 'ला कासेरा एस मुय बुएना'. इथे चुकून 'एस्ता' लिहिलं तर ती मैत्रीण हसेल, कारण वाक्य वेगळ्याच अर्थाने आकर्षक बनेल. सूप 'झालंय', चवीचा अनुभव: 'सु सोपा एस्ता मुय रीका'.

आता दोन 'कार्यक्रम आहे' नीट बघा. पहिल्यात कार्यक्रमाची बातमी पहिल्यांदा दिली, तो असल्याचं सांगितलं: 'आ लास ओचो आय उन कोन्सिएर्तो'. दुसऱ्यात तो कार्यक्रम ओळखीचा झाला आणि जागा सांगितली. 'होणार आहे' घालून बघितलं, बसलं: 'एल कोन्सिएर्तो एस एन ला प्लासा मायोर'. शेवटी 'तयार आहे': 'एस्तोय लिस्ता'. तिथे 'सोय लिस्ता' लिहिलं असतं तर 'मी हुशार आहे' असा निरोप गेला असता.

या निरोपात चुका झाल्याच असत्या तर सगळ्या सारख्या गंभीर ठरल्या नसत्या, हेही ओळखायला शिका. 'एस्तोय दे नाशिक' किंवा 'सोय एन सालामान्का' हे व्याकरणाच्या कानाला खटकतं, पण अर्थ पोचतो, समोरचा मनात दुरुस्त करून घेतो. 'सोय आबुर्रीदा', 'सोय लिस्ता', 'ला कासेरा एस्ता बुएना' ही वाक्यं मात्र व्याकरणाने बिनचूक आहेत, म्हणून कुणी दुरुस्त करत नाही आणि चुकीचा अर्थ तसाच पोचतो. सरावाचा वेळ कमी असेल तर तो या दुसऱ्या गटावर घाला.

जिथे दोन्ही चालतात

काही जागी पुस्तकं एक सांगतात आणि लोक दोन्ही बोलतात. विवाहित असणं त्यातलंच: 'एस्तोय कासादा' आणि 'सोय कासादा' दोन्ही बरोबर आहेत. स्पेनमध्ये पहिलं जास्त कानावर पडतं, लॅटिन अमेरिकेत दुसरंही सर्रास. 'फेलिस', म्हणजे सुखी, यालाही दोन्ही चालतात: 'सोय फेलिस' म्हटलं की आयुष्यात सुखी, 'एस्तोय फेलिस' म्हटलं की अमुक कारणाने आत्ता आनंदात. मेक्सिकोत एस्तारचा वापर आणखी पसरलेला आढळतो. तिथे काहीही बदललेलं नसताना घराबद्दल 'एस्ता चिकीता', लहानसं आहे, असं ऐकू येईल, जिथे माद्रिदचा माणूस 'एस' म्हणेल. म्हणून मेक्सिकन मालिका बघताना एस्तार अनपेक्षित जागी ऐकू आलं तर ते चूक समजू नका, आणि परीक्षेच्या उत्तरात मात्र पुस्तकातलंच रूप लिहा.

सरावासाठी घरातली एकच वस्तू किंवा माणूस निवडा आणि त्याच्याबद्दल रोज दोन वाक्यं मोठ्याने म्हणा, एक सेरने आणि एक एस्तारने. चहापासून सुरुवात करा: 'एल ते एस दे आसाम', चहा आसामचा आहे, आणि 'एल ते एस्ता फ्रीओ', चहा गार झालाय.